वर्ग पुन्हा भेटला, पण कवितेची हजेरी झाली

वाचकाचं पत्र

शाळा सोडून वीस वर्षं झाली म्हणून आमचा वर्ग एकत्र भेटला. घरी आल्यावर मी वहीत दोन रकाने केले, 'कोण बदललं' आणि 'कोण नाही', आणि त्यावरून कविता लिहिली. बावीस जणांवर अठ्ठेचाळीस ओळी झाल्या. त्यातल्या काही:

तेव्हा होता किती लाजरा,
आता दिसतो कसा हासरा!
तेव्हा होती खोडकर अती,
आता झाली शांत किती ती!

आणि शेवट:

काळ बदलला, आपणही पण
मैत्रीचे ते तसेच अंगण!

वर्गाच्या ग्रुपवर टाकली तर सगळ्यांनी 'मस्त' म्हटलं. पण मला ती वाचताना कंटाळा येतो. त्या दिवशी जे वाटलं ते तिच्यात नाही. उदाहरणार्थ, एका मैत्रिणीला मी दारात ओळखलंच नाही. तिचे दात पुढे होते, ते आता तारा लावून अगदी सरळ झालेत. पण हसली की अजूनही तोंडावर हात ठेवते. तेव्हा आम्ही मागच्या बाकावरून तिला दातांवरून फार चिडवायचो. ही गोष्ट मला कवितेत बसवता आली नाही, कारण ती कुठल्या रकान्यात घालायची तेच कळेना. कविता दुरुस्त कशी करू?

— मागच्या बाकावरची एक

उत्तर

जी गोष्ट कवितेत बसली नाही म्हणता, तीच तुमची कविता आहे. बाकीच्या अठ्ठेचाळीस ओळी बाजूला ठेवा. फाडू नका, त्यांचाही उपयोग आहे, तो शेवटी सांगते.

आधी कंटाळा कुठून येतो ते बघू, कारण त्याचं कारण अगदी मोजून दाखवता येतं. तुमच्या ओळी सोळा मात्रांच्या आहेत. ह्रस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन, या हिशोबाने 'तेव्हा' म्हणजे चार आणि 'आता' म्हणजेही चार. म्हणजे प्रत्येक ओळीचा पाव भाग एकाच कामाला जातो: आधी तेव्हाचं सांगते, मग आताचं सांगते. उरल्या बारा मात्रा. त्यात क्रियापद आलं, 'किती' आणि 'कसा' आले, आणि माणसासाठी शिल्लक राहिला एक शब्द: लाजरा, हासरा, खोडकर, शांत. एका शब्दात माणूस मावत नाही, फक्त त्याच्यावरचा शेरा मावतो. प्रगतिपुस्तकात असतो तसा.

त्यात यमक दर दोन ओळींनी जुळतं आणि दार बंद होतं. मग पुढचा माणूस, पुन्हा दोन ओळी, पुन्हा दार बंद. तिसऱ्या जोडीपर्यंत वाचणाऱ्याला चाल कळते आणि पुढचं तो न वाचताच ओळखतो. तुमच्या मात्रा कुठेही चुकलेल्या नाहीत, ओळी नीट बसल्यात. चूक मांडणीची आहे. एक परीक्षा करून बघा: पाचवी जोडी उचलून दुसऱ्या जागी ठेवा. काही बिघडलं का? नाही बिघडलं, तर ती यादी आहे. कवितेत एक कडवं हलवलं की पुढचं सगळं अडखळायला हवं.

आता तुमच्या दोन रकान्यांबद्दल. त्यांना एक तिसरा रकाना जोडा आणि वर लिहा: 'कशावरून?' मग प्रत्येक नावापुढे त्याचं उत्तर शोधा. 'लाजरा' कशावरून? वर्गात उत्तर देताना तो फळ्याकडे बघायचा की बुटांकडे? आणि आता 'हासरा' कशावरून? बोलायला उभं केलं तेव्हा त्याची नजर कुठे होती, हात कुठे होते? आठवत असेल तर लिहा. नसेल, तर त्या माणसाबद्दल तुमच्याकडे कविता नाही, फक्त मत आहे, आणि ते नाव सोडून द्यायला हरकत नाही. बहुतेक नावांपुढे हा रकाना रिकामा राहील. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. वीस वर्षांपूर्वी आपणही कोवळ्या वयाचेच होतो आणि वर्गातल्या बहुतेकांना आपण नीट पाहिलंही नव्हतं.

हे काम लवकर करा. भेटीचे फोटो ग्रुपवर येऊ लागले की चार दिवसांत डोळ्यांना दिसलेलं पुसलं जातं आणि त्याच्या जागी फोटोतलं येऊन बसतं. फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघून उभे असतात. कोण कसं चालत आलं, कुणाचा आवाज पाठमोरा असताना ओळखू आला, कोण खुर्ची ओढून कुणाच्या शेजारी बसलं, हे फोटोत नसतं. आणि न बदललेलं जे काही असतं, ते बहुतेक इथेच सापडतं. केस, अंग, कपडे, बोलण्यातला आत्मविश्वास, हे बदलतं आणि लगेच दिसतं. लकब टिकते, पण ती माणूस हलला किंवा बोलला की मगच दिसते. म्हणून तर दारात तुम्ही तिला ओळखलं नाहीत. ती उभी होती. हसली तेव्हा ओळखलंत.

अशा भेटींचा एक चकवा आहे, तोही ध्यानात घ्या. जुन्या लोकांत माणूस जुन्या जागी जाऊन बसतो. सकाळी भारदस्त वाटलेला गृहस्थ दुपारपर्यंत पुन्हा नकला करायला लागतो. गप्प बसणारी पुन्हा कोपरा धरते, कारण बाकीचेही तिच्याशी तसंच वागू लागलेले असतात. मी स्वतः अशा एका भेटीत दिवसभर कुणाला तरी विचारून विचारून पाणी आणून देत होते. शाळेत वर्गाच्या पाण्याची जबाबदारी माझ्याकडे होती आणि ती मला कुणी पुन्हा दिली नव्हती. त्या दिवशी कुणी म्हटलं असतं, 'ही अजिबात बदलली नाही', तर ते त्या खोलीपुरतं खरं होतं आणि माझ्या आयुष्याबद्दल खोटं. तेव्हा 'अमका बदलला नाही' असं जाहीर करू नका. तुम्ही एक दिवस, एका खोलीत पाहिलंत. कविता तेवढ्याच खोलीत राहू द्या.

आता तुमच्या मैत्रिणीकडे येऊ. तिला रकाना सापडला नाही, कारण तिच्यात दोन्ही गोष्टी एकाच वेळी आहेत. दात बदलले, हात बदलला नाही. जे लपवायचं होतं ते गेलं आणि लपवणं राहिलं. 'तेव्हा' आणि 'आता' असे शब्द प्रत्येक ओळीच्या तोंडी बसवायची इथे गरजच उरत नाही, दोन्ही काळ त्या एका हालचालीत आहेत. बावीस जणांची यादी जे सांगू शकली नाही ते तिच्या हाताने सांगितलं.

यासाठी घाट कोणता घ्यावा? सोळा मात्रांच्या जोड्या नकोत, कारण त्यांचं दार फार लवकर बंद होतं. मुक्तछंद चालेल. पण तुमचा कान मोजणीला सरावलेला आहे, म्हणून मी मोठा अभंग सुचवते. पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं. ह्रस्व-दीर्घ मोजायचं नाही, फक्त अक्षरं मोजायची, आणि जोडाक्षर एकच धरायचं. बोटांवर होतं. हा छंद निवडण्याचं कारण चौथा चरण. यमक जुळून गेलेलं असतं, कान निवांत झालेला असतो आणि मग दोन अक्षरं कमी पडतात, पायरी चुकावी तशी. काहीतरी लक्षात येणं हे असंच घडतं, म्हणून लक्षात आलेली गोष्ट त्या चौथ्या चरणात ठेवायची.

मी तुमच्या पत्रातलंच घेऊन पाच कडवी बांधून बघितली. ही तुमची कविता नाही, सांगाडा आहे. शब्द तुम्ही तुमचे घालायचे आहेत.

दारात थांबली
कोण ही नवखी,
सारी अनोळखी
क्षणभर.

कुठूनशी आली
जुनी आठवण,
हसलो आपण
सगळेच.

तीही हसली नि
उचलला हात
झाकायला दात
तेव्हाचेच.

दात तर आता
सरळ, नेटके.
हाताला इतके
कळलेना.

त्याला शिकवले
कोणी झाकायला,
आठवले मला
एकटीला.

आता यातलं काय कसं ठरलं ते सांगते, कारण तुमचे शब्द घालताना हेच प्रश्न तुम्हालाही पडतील.

तिसऱ्या कडव्याचे मधले चरण मी आधी 'हात वर गेला, ओठांवर ठेला' असे लिहिले होते. अक्षरं बरोबर, यमक बरोबर. पण 'थांबला' या अर्थाने 'ठेला' हा शब्द आज कुणी बोलत नाही. तो 'गेला'साठी ओढून आणलेला आहे, आणि मोजून लिहिणाऱ्याला हा मोह सारखा होतो. ओळखायची खूण सोपी आहे: तुम्ही ही गोष्ट मैत्रिणीला फोनवर सांगताना तो शब्द वापराल का? नाही ना? मग तो कवितेतही नको. अशा वेळी दुसरं यमक शोधत बसण्यापेक्षा त्या प्रसंगात कुठल्या वस्तू आहेत ते बघावं. इथे हात होता आणि दात होते. ते दोघे एकमेकांशी यमकात आहेतच, मला काही करावंच लागलं नाही.

त्याच कडव्याच्या शेवटी आधी 'नसलेले' लिहिलं होतं. 'झाकायला दात नसलेले'. मला ते फार आवडलं होतं, म्हणजे पुढे आलेले दात आता नाहीत आणि हात मात्र त्यांना झाकतो आहे. पण दुसऱ्याला वाचून दाखवलं तेव्हा त्याने विचारलं, 'तिचे दात पडले का?' तो चुकला नव्हता, ओळीचा तोही अर्थ होत होता. आपल्याला प्रसंग माहीत असतो म्हणून आपल्याला एकच अर्थ दिसतो. 'तेव्हाचेच' मध्ये तो घोटाळा नाही, आणि तुमचा आवडता 'तेव्हा'सुद्धा आला. अख्ख्या कवितेत फक्त एकदा, तेही त्याची नेमकी गरज आहे तिथे. पुढच्याच ओळीत 'आता' येतं. जे दोन शब्द तुमच्या पहिल्या कवितेत सतत ओझं होऊन येत होते, ते इथे एकेकदाच येतात आणि काम करतात.

दुसऱ्या कडव्यातला 'आपण' मुद्दाम ठेवलाय. 'आम्ही' लिहिलं असतं तर ती बाहेर राहिली असती. 'आपण' मध्ये ती आहे. सगळे एकत्र हसले, आणि लगेच पुढच्या कडव्यात तिचं हसणं वेगळं निघालं. हसले सगळे, हात एकटीचाच वर गेला. हे फक्त सर्वनामाने होतं, त्यासाठी वेगळी ओळ खर्च करायला नको.

तुम्ही लिहिताना 'आठवले'चं 'आठवलं' आणि 'शिकवले'चं 'शिकवलं' करावंसं वाटेल. करा, अक्षरं तितकीच राहतात. फक्त 'इतके'चं 'इतकं' केलंत की 'नेटके'शी यमक मोडतं. मग एकतर ते मोडलेलं चालवून घ्या, नाहीतर सगळीकडे लिखित रूपं ठेवा. एका कवितेत अर्धी बोलीत आणि अर्धी लिखित अशी सरमिसळ कानाला टोचते.

आता पाचवं कडवं. त्यासाठीच मी हे सगळं करत होते.

तुमच्या पहिल्या कवितेत तुम्ही कुठेच नाही आहात. वर्गातल्या बावीस जणांना तुम्ही मोजलंत, पण मोजणारी स्वतः दाराबाहेर उभी आहे. अशा कवितेत हे सगळ्यांकडून होतं. बघणारा स्वतःला मोजपट्टी समजतो, आणि मोजपट्टी बदललेली नसते असं धरून चालतो. पण पत्रात तुम्ही एक वाक्य लिहून गेलात: 'तेव्हा आम्ही मागच्या बाकावरून तिला दातांवरून फार चिडवायचो.' तो हात शिकला कुठून, याचं उत्तर तुमच्या बाकावर आहे. ते वाक्य तुम्ही मैत्रिणीच्या लकबीची माहिती म्हणून लिहिलंत, पण माझ्या मते तुमचा पत्र लिहिण्यापर्यंतचा सगळा प्रवास त्या वाक्यामुळे झाला. त्या दिवशी जे वाटलं ते कवितेत नाही, असं तुम्ही म्हणता. जे वाटलं ते हेच असणार. तसं नसेल तर मला दुरुस्त करा आणि पाचवं कडवं दुसरं लिहा. पण तिथे तुम्ही स्वतः यायला हव्यात, एवढं मी सोडणार नाही.

'एकटीला' का, तेही सांगते. चिडवणाऱ्या तुम्ही चार-पाच जणी असाल. इतरांना ते आठवलं की नाही, तुम्हाला माहीत नाही. तिला स्वतःला आठवतं की नाही, तेही माहीत नाही. तिचा हात आता निव्वळ सवयीने वर जात असेल, त्यामागे काही दुखत नसेलही. म्हणून कवितेने तिच्या मनात शिरू नये. 'तिला अजून ते बोलणे सलते' अशी ओळ सुचेल, आणि ती फार सोपी वाटेल. लिहू नका. तुम्ही फक्त हात पाहिलात. मन पाहिलंत ते स्वतःचं.

आणि सहावं कडवं लिहू नका. लिहावंसं नक्की वाटेल. पाचव्यानंतर शांतता सहन होत नाही, आणि मग 'माफ कर सखे' किंवा 'काळ पुढे गेला' असं काहीतरी हात लिहून जातो. तुमच्या पहिल्या कवितेतलं मैत्रीचं अंगण असंच आलं होतं. त्या दोन ओळी कुठल्याही वर्गाच्या कुठल्याही कवितेखाली चिकटवल्या तरी बसतील, यावरूनच कळतं की त्या तुमच्या नाहीत. 'एकटीला' वर थांबलं की वाचणारा आपल्या शाळेतला कुणीतरी हात आठवू लागतो. त्याला ते करू द्या.

एक अडचण राहते आणि ती छंदाची नाही. ही कविता तुम्ही ग्रुपवर टाकलीत तर ती मैत्रीण स्वतःला पहिल्या फटक्यात ओळखेल, आणि बाकीचेही ओळखतील. नाव नाही म्हणून लपत नाही. दात आणि हात एवढी खूण वर्गाला पुरे. वीस वर्षांनी तिच्या दातांचा विषय पुन्हा सगळ्यांपुढे निघेल, आणि या वेळी कवितेतून. तेव्हा आधी तिला एकटीला पाठवा. फोनवर वाचून दाखवू नका, वाचून दाखवलं की समोरच्याला लगेच काहीतरी बोलावं लागतं. लिहून पाठवा आणि सोबत एवढंच लिहा की तुला चालत असेल तरच ही दुसऱ्या कुणाला दिसेल. ती नको म्हणाली तर वहीत ठेवा. ती काहीच बोलली नाही तर तेही 'नको'च समजा.

क्षमा मागायची असेल तर ती कवितेबाहेर मागा, वेगळी, साध्या वाक्यात, आणि कवितेआधी. कवितेतून मागितलेल्या क्षमेला उत्तर देणं फार अवघड जातं. 'छान लिहिलंयस' म्हणायचं की 'माफ केलं' म्हणायचं, हे समोरच्याला कळत नाही, आणि बहुतेक जण पहिलं म्हणून सुटका करून घेतात.

तिने नको म्हटलं आणि कविता तरी लोकांपुढे यावी असं तुम्हाला वाटलं, तर दात काढून दुसरी खूण घालायचा विचार मनात येईल. करून बघू शकता, पण सगळ्या खुणा चालत नाहीत. बदललेली गोष्ट आणि टिकलेली लकब यांची गाठ हवी, जशी दातांची आणि हाताची आहे. समजा लिहिलंत की कुणी तोतरं बोलायचं, आता सफाईदार बोलतं, तरी बोलण्याआधी क्षणभर थांबतं. इथे गाठ आहे, कारण ते थांबणं त्या तोतरेपणासाठीच होतं. पण 'केस पिकले तरी नखं खातो' यात गाठ नाही. केसांचा आणि नखांचा एकमेकांशी संबंधच नसतो, ती पुन्हा दोन रकान्यांची वही झाली. आणि खूण बदललीत तरी ती वर्गातल्या दुसऱ्या कुणाला लागू होत नाही ना, हे एकदा तपासा. नाहीतर एकीला वाचवताना दुसऱ्याला दुखवाल.

त्या अठ्ठेचाळीस ओळींचं मी म्हटलं होतं. ग्रुपवरच्या लोकांनी 'मस्त' म्हटलं ते खोटं नव्हतं. प्रत्येकाने त्यात आपल्यावरच्या ओळी शोधल्या आणि त्या सापडल्या. तो लेखनाचा एक वेगळा, मायेचा प्रकार आहे. ती हजेरी आहे. तिला हजेरी म्हणूनच सुधारा: हजेरी क्रमांकाने लावा, 'तेव्हा' आणि 'आता' काढून टाका, आणि ज्यांच्यापुढे 'कशावरून?' भरला गेला त्यांची तेवढी एक खरी गोष्ट लिहा. ज्यांच्यापुढे रकाना रिकामा राहिला त्यांच्या क्रमांकापुढे नुसतं 'हजर' लिहा. जे आले नाहीत त्यांचे क्रमांकही वगळू नका. पुढच्या भेटीत ती मोठ्याने वाचा, लोक आपापल्या क्रमांकाला 'हजर' म्हणून उत्तर देतील. तिथे यादीच हवी असते, आणि यादीत क्रम हलवता येत नाही, कारण तो शाळेने लावलेला असतो.

राहिलं नाव. तुम्ही पत्रात कवितेचं नाव दिलेलं नाही, पण 'वीस वर्षांनंतर' असं काहीतरी असेल असा माझा अंदाज आहे. नव्या कवितेत मी वर्षांचा उल्लेख कुठेही केलेला नाही, शाळेचाही नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. हा भार नावाने उचलायचा असतो. नुसतं 'हात' ठेवलं तर कोण, कुठे, केव्हा हे वाचणाऱ्याला कळणार नाही. नुसतं 'वीस वर्षांनंतर' ठेवलं तर काळ कळेल, पण बोलणारी कोण ते कळणार नाही. मी असते तर 'मागचा बाक, वीस वर्षांनी' असं ठेवलं असतं. कविता सुरू होताना ते शाळेच्या आठवणीचं नाव म्हणून वाचलं जाईल, आणि पाचवं कडवं संपल्यावर वाचणारा पुन्हा वर बघेल, तेव्हा त्याला कळेल की बोलणारी कुठे बसली होती.